पिवळ्या सालीआडचा कच्चा आंबा

आईबाबांनो, एप्रिल लागला की घरातली लहानगी एकच धोशा लावतात, आंबा कधी आणणार? आणि नेमकी त्याच दिवसांत तुमच्या मनात शंका डोकावते, हा आंबा पावडर टाकून पिकवलेला तर नसेल? पालकांशी बोलताना हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकू येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "नीट धुतला, साल काढली, की चालेल ना?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते, कारण आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे. धुण्याने आणि सोलण्याने फळावरची धूळ, चीक, जंतू आणि सालीला चिकटलेली भुकटी जाते. पण कार्बाइडने पिकवलेला आंबा तेवढ्याने मुलाला देण्याजोगा होत नाही. कार्बाइडपासून मुलाला जपायचं ते फळ विकत घेताना, पेटी उघडताना आणि पहिली फोड कापताना. नळाखाली उभं राहून ते साधत नाही.

हे कार्बाइड म्हणजे काय, ते आधी थोडक्यात समजून घेऊ. कॅल्शियम कार्बाइड हे राखाडी रंगाचे दगडासारखे खडे असतात. चुना आणि कोक विजेच्या भट्टीत प्रचंड तापवून ते तयार करतात. गॅस वेल्डिंगच्या कामाला ते लागतं, म्हणून ते सहज आणि स्वस्त मिळतं. त्याला जरासं पाणी लागलं की ॲसिटिलीन नावाचा वायू सुटतो, उष्णता निर्माण होते आणि मागे चुन्याची पांढरट भुकटी उरते. आंबेवाल्याला या खड्यांवर पाणी ओतावंही लागत नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून ती पेटीत आंब्यांमध्ये ठेवली की फळांतला आणि हवेतला ओलावा पुरतो. पेटी झाकून ठेवली की एक-दोन दिवसांत हिरवे आंबे पिवळे होतात.

ॲसिटिलीनने फळ पिवळं का होतं, हे कळलं की पुढच्या सगळ्या खुणा आपोआप कळतात. आंबा, केळं, पपई, चिकू ही फळं झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात. पिकायची वेळ आली की ती स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडू लागतात आणि तोच पिकण्याची सगळी कामं सुरू करतो. पिठूळपणा जाऊन साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो, सालीतला हिरवा रंग विरून आतला पिवळा दिसू लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वास तयार होतो. ॲसिटिलीनची रचना इथिलीनच्या जवळची आहे, त्यामुळे फळ फसतं आणि पिकायला लागतं. पण ॲसिटिलीनचा जोर इथिलीनपेक्षा बराच कमी. सालीचा रंग पटकन बदलतो, गर मात्र मागे राहतो. शिवाय व्यापारी ज्या फळाला कार्बाइड लावतो ते पुष्कळदा मुळात तयारच झालेलं नसतं. हंगामाच्या सुरुवातीला किंवा अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर भाव चढलेले असतात, तेव्हा कोवळी फळंही उतरवली जातात. कोवळ्या फळात साखर व्हायला पुरेसं पीठच साठलेलं नसतं. अशा फळाला कोणत्याही वायूने गोडी येत नाही, फक्त रंग येतो.

आता त्यातलं विष कोणतं? शुद्ध ॲसिटिलीन हा काही मुख्य धोका नव्हे. वेल्डिंगसाठी बनवलेलं कार्बाइड शुद्ध नसतं, हा धोका आहे. ज्या चुन्यापासून आणि कोळशापासून ते बनतं, त्यांच्यातलं थोडं आर्सेनिक आणि फॉस्फरस त्यात उतरलेलं असतं. पाणी लागलं की ॲसिटिलीनबरोबर या दोहोंचे विषारी वायूही सुटतात. कार्बाइडच्या पेटीला लसणासारखा जो उग्र वास येतो, तो याच भेसळीच्या वायूंचा. पुडी फळाला चिकटून असली किंवा फुटून भुकटी सांडली, तर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश सालीवर राहतात. एखादा असा आंबा खाल्ला म्हणून मूल लगेच आजारी पडेलच असं नाही, तेव्हा आधी खाऊन झालेल्या आंब्यांच्या आठवणीने रात्रभर जागू नका. पण आर्सेनिक शिजवून नष्ट होत नाही, थोडं थोडं वारंवार पोटात जाणं हीच त्याची खरी वाईट रीत आहे आणि बारा-पंधरा किलो वजनाच्या मुलाला तेवढाच अंश मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पडतो. घशात जळजळ, गिळायला त्रास, उलट्या, पोटात आग, जुलाब, खूप तहान, अशक्तपणा ही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली लक्षणं आहेत. आंबा खाल्ल्यावर असं काही दिसलं तर उरलेलं फळ बाजूला ठेवा, मुलाला चूळ भरायला लावा आणि डॉक्टरांकडे जाताना काय खाल्लं ते आठवणीने सांगा.

म्हणूनच आपल्याकडे ॲसिटिलीनने, म्हणजे बोलीत ज्याला कार्बाइड गॅस म्हणतात त्याने, फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांमध्ये ती स्पष्ट लिहिलेली आहे. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, ही त्याची कमाल मर्यादा. त्यासाठी बंद खोली लागते, ज्याला व्यापारी रायपनिंग चेंबर म्हणतात, आणि तिथे तापमान, ओलावा, वायू सगळं मोजून ठेवतात. चेंबरमधला आंबा म्हणजे वाईट आंबा, असं पुष्कळ आईवडील धरून चालतात. ते बरोबर नाही. तयार झालेलं फळ इथिलीनने पिकवलं तर त्यात मुलाला धोका नाही. अढीतल्या आंब्याचा वास मला जास्त आवडतो, पण ती आवडीची गोष्ट झाली.

आता ओळखण्याकडे वळू. आंबा पिवळाधमक, सगळीकडून एकसारखा पिवळा असेल तर तो कार्बाइडचा, असं सरसकट सांगितलं जातं. या खुणेवर एकटीवर विसंबू नका. इथिलीनच्या चेंबरमधून आलेली फळंही एकसारखी पिवळी असतात. उलट लंगडा आंबा पूर्ण पिकला तरी हिरवाच दिसतो. काही फळांच्या गालावर उन्हाने लाली चढते, तिचा पिकण्याशी संबंध नसतो. रंगाने फक्त संशय घ्यायचा. खात्री वासाने आणि सुरीने करायची.

वास असा पाहायचा. हापूस देठाकडून नाकाशी धरा. तयार होऊन पिकलेल्या हापूसचा वास हाताच्या अंतरावरूनही येतो, आणि पेटी उघडल्यावर तर खोलीभर दरवळतो. साल भरपूर पिवळी आहे आणि नाकाशी धरूनही वास येत नाही, ही विसंगती फार बोलकी आहे. हापूसमध्ये रंग आणि वास बरोबर येतात. रंग पुढे पळाला आणि वास मागे राहिला, तर कोणीतरी रंगाला ढकललं आहे. त्यातच पेटीला लसणासारखी किंवा वेल्डिंगच्या दुकानासारखी उग्र झाक येत असेल, तर पुढे काही तपासायचीही गरज नाही.

सुरीची खूण त्याहून भरवशाची. आंबा आतून बाहेर पिकतो. पिकण्याची सुरुवात कोयीजवळच्या गरापासून होते आणि ती सालीकडे सरकते. म्हणून नीट पिकलेला आंबा उभा कापला की कोयीजवळचा गर सगळ्यात गडद केशरी आणि मऊ दिसतो. कार्बाइडच्या आंब्यात हे उलटं होतं. साल पिवळी, सालीखालचा थर जरासा पिवळसर आणि कोयीजवळ गर फिका, पांढुरका, टणक आणि आंबट. ही एक खूण नीट लक्षात ठेवा. पिवळ्या सालीच्या आत कोयीजवळ कच्चा गर निघाला, तर ते फळ स्वतःच्या चालीने पिकलेलं नाही. मात्र एवढ्यानेही ते कार्बाइडच होतं असं शपथेवर सांगता येत नाही, कारण कोवळं फळ इथिलीनमध्ये ठेवलं तरी थोडंफार असंच होतं. फळावर आर्सेनिक आहे की नाही हे फक्त प्रयोगशाळा सांगू शकते. पण आईवडिलांना न्यायालयात पुरावा द्यायचा नसतो. हे फळ मुलाच्या ताटात जाणार की नाही, एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी वास आणि कोयीजवळचा गर पुरेसे आहेत.

इथे एका गोष्टीची गल्लत होते, ती सांगितलीच पाहिजे. हापूस कापल्यावर कधी कधी आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग निघतो. घरोघरी त्यावरून आंबेवाल्याला दोष दिला जातो. तो साका असतो. हापूसला झाडावर असतानाच होणारी ही विकृती आहे. कार्बाइडशी तिचा संबंध नाही आणि बाहेरून ती ओळखूही येत नाही. साक्यात गर मऊ, पोकळ, भुसभुशीत असतो आणि त्याच्या भोवतीचा गर व्यवस्थित केशरी असतो. कार्बाइडच्या कच्चेपणात गर टणक आणि सलग फिका असतो. साका कापून टाकला की बाकीचा आंबा खुशाल खावा.

मोबाइलवर फिरणाऱ्या परीक्षांचंही बोलू. आंबा पाण्यात टाका, बुडला तर चांगला आणि तरंगला तर कार्बाइडचा, असं सांगतात. बुडण्यावरून फळ तयार आहे की कोवळं हे कळतं, कारण तयार फळ पाण्यापेक्षा जड असतं. कोकणात फळ निवडताना हा गुण जाणकार वापरतात. पण तयार फळालाही कार्बाइड लावता येतं आणि ते बुडेलच. म्हणजे तरंगणारं फळ कोवळं असल्याचं कळतं, बुडणारं फळ निर्धोक असल्याचं कळत नाही. पेटीजवळ काडी ओढून बघा, हा दुसरा सल्ला तर घातक आहे. ॲसिटिलीन पेट घेतो, म्हणूनच तो वेल्डिंगला वापरतात. मुलं शेजारी उभी असताना असला प्रयोग कोणीही करू नये.

एक उदाहरण घेऊन हे सगळं सलग पाहू. समजा, अक्षय्य तृतीयेला दोन दिवस आहेत आणि तुम्ही पाच डझनांची हापूसची पेटी घरी आणली. मुलं भोवती जमली आहेत. आधी त्यांना थोडं लांब बसवा आणि पेटी खिडकीपाशी किंवा गच्चीत उघडा. झाकण निघाल्याबरोबर पहिला वास कसला येतो तिकडे लक्ष द्या, कारण काही क्षणांत नाक सरावतं. आता वरचा कागद आणि पेंढा कोरड्या हाताने बाजूला करा आणि तळापर्यंत बघा. एखादी पुडी सापडली तर ती कसली, हे पाहा. कंपनीचं नाव छापलेली, चारही बाजूंनी बंद, कागदासारख्या कापडाची छोटी पुडी असेल, तर ती बहुधा इथिलीन सोडणारी पुडी आहे. तिला परवानगी आहे, पण तीही फळांना चिकटलेली नसावी, भोकं असलेल्या छोट्या डबीत असावी. उलट वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले राखाडी खडे किंवा पांढरट भुकटी निघाली, पुडीचा कागद फुगलेला, ओलसर, खरखरीत झालेला असला, तर ते कार्बाइड आहे.

समजा, पुडी मिळाली नाही. ती व्यापाऱ्याने पेटी पाठवण्याआधीच काढून घेतलेली असू शकते. तेव्हा फळांकडे या. खालच्या-वरच्या थरांतले साठही आंबे एकाच छटेचे पिवळे आहेत, सालीवर कुठे कुठे राखाडी-पांढरट भुकटी आहे, देठाशी धरून वास नाही. हापूसच्या सालीवर मुळातच एक फिकट, मेणासारखी लव असते. तिच्यावरून बोट फिरवलं तर खाली साल चमकते, बोटाला खर लागत नाही. चुन्याची भुकटी बोटाला चरचरीत लागते. आता एक आंबा उभा कापा, कोयीजवळ पाहा. फिका आणि टणक निघाला. आणखी एक दुसऱ्या थरातला कापा, कारण एका फळावरून पेटी ठरवू नये. तोही तसाच. झालं, निर्णय घ्या. ही पेटी मुलांसाठी नाही. रसाला नाही, मिल्कशेकला नाही आणि उकडून मुरांब्यालाही नाही. पेटीचे, पुडीचे आणि कापलेल्या फळाचे फोटो काढा, पावती जपून ठेवा आणि पेटी परत करा.

आता तीच पेटी वेगळी निघाली असती तर? काही फळं पिवळी, काही अजून हिरवट, एखाद्याच्या टोकाला हिरवी झाक, दोन-तीन फळांना सुरकुत्या आणि झाकण उघडताच दरवळ. कापल्यावर कोयीपाशी गडद केशरी. ही पेटी ठेवायची. सुरकुतलेले आधी खायचे, हिरवट मागे ठेवायचे. सगळे साठ आंबे एकाच दिवशी तयार नाहीत याबद्दल आंबेवाल्याशी भांडायचं कारण नाही, खरी पिकलेली पेटी अशीच असते.

पुडी सापडली तर मुलांच्या हाती ती लागू देऊ नका. यावर जरा जास्त जोर देते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढणाऱ्या कार्बाइड गनमुळे कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले. पाण्याशी काय होतं हे मुलांना मोबाइलवरून माहीत असतं, आणि पेटीतली पुडी त्यांना खेळ वाटू शकते. ती पुडी मोरीत, ओल्या कचऱ्यात किंवा पाण्यात टाकू नका. कोरड्या कागदाने उचला, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, डबा घराबाहेर, ज्योतीपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवा आणि तक्रार करताना अधिकाऱ्याच्या हवाली करा. भुकटी डोळ्यात गेली तर डोळा चोळू देऊ नका. दिसणारे कण स्वच्छ कोरड्या कापडाने हलके टिपा, पापणी उघडी धरून निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि तसंच नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जा. कण चुन्याचे असतात, डोळ्याला ते फार लवकर भाजतात.

चांगला आंबा निवडला, म्हणजे धुण्या-सोलण्याला काही अर्थ आहे. देठ असलेला आंबा देठासकट धुवायचा. देठ मोडल्यावर तिथून चीक येतो आणि पाणी आत शिरायला वाटही होते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली प्रत्येक आंबा वेगळा धरून हाताने चोळा, विशेषतः देठाच्या खळगीत, कारण धूळ, चीक आणि भुकटी तिथेच साचते. मग स्वच्छ पिण्याच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, पाणी टाकून द्या, पुन्हा एकदा खळखळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आपल्या आजी आंबे पाण्यात घालून ठेवायच्या, त्यात चीक निघणं हा खरा फायदा आहे. देठाजवळच्या चिकाने लहान मुलांच्या ओठांवर आणि गालांवर पुरळ येतं, आणि पुष्कळदा त्यालाच घरचे आंब्याची उष्णता म्हणतात.

उन्हात तापलेले आंबे लगेच गार पाण्यात टाकू नका. आधी सावलीत निवू द्या. गरम फळ गार होताना आकसतं आणि देठाच्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. १९९९ मध्ये अमेरिकेत ब्राझीलहून आलेल्या आंब्यांमुळे साल्मोनेलाची लागण पसरली होती. फळमाशीसाठी गरम पाण्यात ठेवलेले ते आंबे नंतर गार पाण्यात बुडवले होते आणि त्या पाण्यातले जंतू फळाच्या आत गेले होते. आत गेलेला जंतू साल धुऊन निघत नाही. म्हणून बुडवायचं पाणी पिण्याचंच असावं, बादलीत साठलेलं नको.

भांड्यांचा साबण, डिटर्जंट, ब्लीच फळाला लावू नका. साल सच्छिद्र असते, साबण मुरतो आणि तो पोटात जातो. मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांविषयी पुष्कळ जण विचारतात. सोड्याच्या पाण्याने सालीवरची काही कीटकनाशकं कमी होतात, हे सफरचंदांवर तपासलं गेलं आहे. लिटरभर पाण्यात दोन सपाट चमचे सोडा आणि पंधरा मिनिटं एवढं प्रमाण पुरतं. पण त्या तपासणीतही सालीच्या आत मुरलेलं औषध निघालं नव्हतं. सोड्याने आर्सेनिक निघतं असा दावा कोणी केला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

सोलण्याचीही एक रीत आहे. धुण्याआधी सोलू नका, नाहीतर सालीवरचं सगळं सुरीबरोबर गरात उतरतं. देठाकडची बोटभर जाडीची चकती आधी कापून टाका. मग साल काढा, सालीची सुरी आणि पाट धुऊन घ्या, हात धुवा आणि मगच फोडी करा. लहान मुलाला साल दातांनी सोलून आंबा चोखायला देणं आपल्याकडे हौसेने होतं. अढीतल्या, खात्रीच्या आणि धुतलेल्या आंब्याला ते चालेल. बाजारातल्या अनोळखी आंब्याला नको. साधारण दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांना चमच्याने काढलेला गर द्या.

आमरसाचंही पाहा. आपण आंबा सालीसकट मऊ करतो, तोंडाशी भोक पाडून पिळतो आणि शेवटी साल आणि कोय पाण्यात धुऊन ते पाणीसुद्धा रसात किंवा सारात घालतो. मायेने आणि काटकसरीने चालत आलेली ही पद्धत आहे. पण त्यात सालीवरचं सगळं रसात जातं. मुलांसाठी रस काढताना साल सुरीने काढून गर किसून किंवा घुसळून घ्या आणि साल धुतलेलं पाणी झाडांना घाला. चिकूचंही असंच. चिकूची साल खडबडीत असते, तिच्यात धूळ आणि भुकटी अडकते, म्हणून मुलाला तो सोलूनच द्या. केळं सोलूनच खातो म्हणून आपण घड धुवत नाही, पण मूल ते हातात धरून खातं. घड एकदा पाण्याखाली धुऊन पुसून ठेवावा. द्राक्षं, डाळिंब, संत्री, अननस ही फळं तोडल्यावर पुढे पिकतच नाहीत, त्यांना कार्बाइड लावून काही साधत नाही. तिथे औषधफवारणीचा विचार करायचा आणि धुवायचं.

सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र धुण्याच्या आधीचा आहे, आणि तो अजून आपल्या घरात होऊ शकतो. पिवळा आंबा विकत घेण्याऐवजी हिरवा पण तयार झालेला आंबा घ्या. तयार आंब्याचे देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात, देठाशी खळगी पडलेली असते, रंग कोवळ्या पोपटी हिरव्याऐवजी मातकट हिरवा असतो. घरी आणून तो धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. खोक्यात किंवा टोपलीत भाताचा पेंढा पसरा, पेंढा नसेल तर कोऱ्या कागदाचे बोळे चालतील. त्यावर आंब्यांचा एक थर, वर पेंढा, फार तर आणखी एक थर. हवेशीर खोलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओलावा साचून बुरशी येते. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, कच्चा आंबा बारा-तेरा अंशांच्या खाली गेला की थंडीने बिघडतो आणि मग नीट पिकत नाही. घाई असेल तर दोन पिकलेली केळी मध्ये ठेवा. केळी भरपूर इथिलीन सोडतात आणि हा तोच वायू आहे जो आंबा स्वतः सोडतो. चौथ्या दिवसापासून रोज उघडून बघा, डागाळलेला आंबा लगेच बाहेर काढा, नाहीतर तो शेजाऱ्यांनाही लावतो. उन्हाळ्याच्या हवेत साधारण आठ-दहा दिवसांत हापूस तयार होतो. अढीतून वास यायला लागला आणि सालीवर बारीक सुरकुती दिसली की खायचा. तेव्हा अक्षय्य तृतीयेला आंबा हवा असेल तर कच्ची पेटी सणाच्या दहा दिवस आधी घरात आली पाहिजे.

कार्बाइडची पुडी सापडली तर गप्प राहू नका. नुसता आंबेवाला बदलला तर ती पेटी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलापुढे जाते. आपल्या जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात फोटो आणि पावतीसह तक्रार करा, किंवा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १८०० ११ २१०० या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.